ताणलेल्या हृदयाचा मूत्रपिंडाला निरोप

हृदयरोगतज्ज्ञांकडे एक तक्रार अधूनमधून येते. चाळिशीतली एक बाई सांगते की, काही काम करत असताना छातीत एकदम धडधड सुरू झाली, कुणी बटण दाबल्यासारखी. नाडी मोजता येऊ नये इतकी जलद, मिनिटाला 180च्या आसपास. तास-दीड तासानं ती तशीच एकदम थांबली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं. ईसीजी सरळ, रक्तदाब ठीक, आणि घरचे म्हणतात, ‘घाबरली असेल.’ अनुभवी डॉक्टर अशा वेळी एक प्रश्न विचारतात, जो ऐकून ती बाई चकित होते: ‘धडधड चालू असताना किंवा थांबल्यावर लघवीला खूप झाली का?’ ती म्हणते, हो, तीन-चार वेळा जावं लागलं, आणि दर वेळी भरपूर, पाण्यासारखी पांढरी.

धडधड हृदयाची आणि लघवी मूत्रपिंडाची. दोघांचा संबंध काय? भीतीनंही लघवीला वारंवार जावंसं वाटतं, पण तेव्हा ती थोडी थोडी होते. इथे तिनं खरोखरच लिटरभर पाणी बाहेर टाकलेलं असतं, आणि त्याबरोबर मीठही. या उत्तरानं डॉक्टरांचा संशय बळावतो की ही नुसती घबराट नव्हती. हृदयाच्या वरच्या भागात विजेचा प्रवाह गोल फिरत राहिल्यानं येणारा जलद ठोक्यांचा झटका होता. हा दुवा कसा जुळतो हे कळायला विसाव्या शतकाचा बराच काळ गेला. त्याच्या मुळाशी आहे हृदयाच्या पेशींत तयार होणारं एक छोटं संप्रेरक. त्याचं पूर्ण नाव एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड. सगळे त्याला एएनपी म्हणतात.

ते कशासाठी आहे हे समजण्याआधी मूत्रपिंडाचा हिशेब पाहायला हवा. आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्या द्रवात विरघळलेलं सोडियम मिठाच्या रूपात मोजलं तर ते जवळजवळ दीड किलो भरतं. यातलं नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्या परत रक्तात ओढून घेतात. दिवसभरात आपण जेवणातून दहा ग्रॅम मीठ खाल्लं, तर साधारण तेवढंच लघवीतून बाहेर पडतं. म्हणजे गाळलेल्या मिठाच्या एक टक्क्याहूनही कमी. आता या परत घेण्यात फक्त एका टक्क्याची ढिलाई झाली, तर त्या दिवशी पंधरा ग्रॅम मीठ जास्त बाहेर जाईल. उलट एका टक्क्याहून कमी जादा कसोशी झाली, तर लघवीत मीठ उरणारच नाही. म्हणून शरीराला या शेवटच्या एका टक्क्यावर फार बारीक नियंत्रण ठेवावं लागतं.

मीठ साठलं की पाणी साठतं, हेही इथेच लक्षात घेऊ. रक्ताची खारटपणाची पातळी शरीर फारशी ढळू देत नाही. जादा मीठ आत राहिलं तर तहान लागते, मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, आणि दर नऊ ग्रॅम मिठामागे सुमारे एक लिटर द्रव शरीरात वाढतो. तेव्हा मिठाचा प्रश्न खरं तर भरलेपणाचा प्रश्न आहे: शिरांमध्ये, छातीत, पायांत किती द्रव साठला आहे? हा भरलेपणा मोजायचा कुठे? मूत्रपिंडाच्या आत काही मोजमापं होतात, मानेतल्या मोठ्या धमन्यांतही होतात. पण सगळ्या शरीराचं रक्त जिथे परत येतं ती जागा म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे, अलिंद. त्यांच्या भिंती पातळ असतात. आलेलं रक्त थोडं वाढलं तरी त्या ताणल्या जातात. खालचे दोन कप्पे, म्हणजे निलय, जाड स्नायूंचे आणि पंपाचं काम करणारे. अलिंद त्यांच्या मानानं मऊ पिशव्या.

या मऊ पिशव्यांचा लघवीशी संबंध असावा, अशी शंका 1956 साली पक्की झाली. जेम्स हेन्री, ओटो गाउअर आणि रीव्ह्ज यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांच्या डाव्या अलिंदात एक छोटा फुगा घालून तो फुगवला. अलिंद ताणला गेला आणि लघवी वाढली. त्या वेळी याचं स्पष्टीकरण मज्जातंतूंच्या मार्फत दिलं गेलं: अलिंदातून मेंदूला खबर जाते आणि मेंदू पाणी धरून ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा हात आवरतो. हे खरंही होतं. पण त्यातून पाणी बाहेर जाण्याचा उलगडा होत होता, मीठ बाहेर जाण्याचा नाही.

मिठाचं कोडं 1961 साली लंडनमध्ये ह्यू डी वॉर्डनर यांनी आणखी अवघड केलं. मूत्रपिंड मीठ सोडतं ते एक तर गाळणं वाढल्यामुळे, नाहीतर मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक कमी झाल्यामुळे, अशी तेव्हाची समजूत होती. डी वॉर्डनर यांनी कुत्र्यांना शिरेतून सलाइन देताना गाळणं मुद्दाम कमी केलं आणि मीठ धरून ठेवणारं संप्रेरक बाहेरून भरपूर दिलं. दोन्ही वाटा बंद असूनही मीठ बाहेर पडलंच. म्हणजे तिसरं काहीतरी होतं. पुढची वीस वर्षं शरीरविज्ञानाच्या पुस्तकांत हा ‘तिसरा घटक’ नाव-गाव नसलेला वावरत राहिला.

दरम्यान, याच्याशी काहीच संबंध नसलेली एक गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसली होती. 1950च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर ब्रूनो किश यांना प्राण्यांच्या अलिंदाच्या स्नायुपेशींत गडद गोल कण दिसले. निलयाच्या पेशींत ते नव्हते. 1964 साली जेम्स जेमिसन आणि जॉर्ज पलाडे यांनी त्यांचा बारकाईनं अभ्यास केला. असे कण सहसा ग्रंथींच्या पेशींत असतात. तयार झालेलं संप्रेरक बाहेर सोडण्याआधी तिथे साठवलेलं असतं. पण हृदय तर स्नायू. स्नायूत ग्रंथीसारखे कण कशाला असतील?

हा प्रश्न कॅनडात किंग्स्टन इथल्या क्वीन्स विद्यापीठात काम करणाऱ्या अडोल्फो डी बोल्ड यांनी सोडला नाही. ते मूळचे अर्जेंटिनाचे. प्राण्यांच्या शरीरातल्या पाण्याचं आणि मिठाचं प्रमाण बदललं की या कणांची संख्याही बदलते, हे त्यांच्या आणि इतर काही संशोधकांच्या पाहण्यात आलं होतं. मग डी बोल्ड यांनी अगदी सरळ प्रयोग केला. उंदरांचे अलिंद वाटून त्यांचा अर्क काढला आणि तो दुसऱ्या, भूल दिलेल्या उंदरांच्या शिरेत टोचला. तुलनेसाठी काही उंदरांना निलयाचा अर्क दिला. निलयाच्या अर्कानं काही घडलं नाही. अलिंदाच्या अर्कानं काही मिनिटांत लघवी दहापट वाढली आणि लघवीतलं सोडियम तीसपटींहून जास्त. पोटॅशियम मात्र फक्त दुप्पट झालं. डी बोल्ड आणि हॅराल्ड सॉनेनबर्ग आदी सहकाऱ्यांचा हा निबंध 1981 साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत जपानच्या केंजी कांगावा आणि हिसायुकी मात्सुओ यांनी माणसाच्या अलिंदातून हा पदार्थ शुद्ध करून त्याची रचना जाहीर केली: 28 अमिनो आम्लांची साखळी, आणि तिच्यातल्या 17 अमिनो आम्लांचं एक कडं. हे कडं तोडलं तर पदार्थ निकामी होतो.

आता हे काम चालतं कसं ते क्रमानं पाहू. अलिंदाच्या पेशीत हे संप्रेरक थेट तयार स्वरूपात नसतं. कणांत साठवलेला पदार्थ 126 अमिनो आम्लांचा लांब धागा असतो. भिंत ताणली की कण पेशीच्या कडेला येतात आणि आपला साठा बाहेर सोडतात. बाहेर पडता पडता पेशीच्या पृष्ठभागावरचं कोरिन नावाचं विकर त्या धाग्याचा नेमक्या जागी छेद घेतं. शेवटचा 28चा तुकडा म्हणजे काम करणारं एएनपी. उरलेला 98चा तुकडा वेगळा रक्तात जातो. साठा आधीच तयार असल्यामुळे ताण पडल्यापासून संप्रेरक रक्तात यायला मिनिटंच पुरतात. रक्तात ते टिकतंही थोडाच वेळ. दोन-चार मिनिटांत त्यातलं निम्मं नाहीसं होतं: काही भाग पेशींवरचे खास ग्राहक ओढून आत घेतात आणि मोडतात, काही भाग नेप्रिलायसिन नावाचं विकर कापून टाकतं. ताण संपला की निरोपही संपतो. मीठ सोडणं ही वेळीच थांबायला हवी अशी क्रिया आहे, त्यामुळे हे अल्पायुष्य सोयीचंच ठरतं.

हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा थेट मूत्रपिंडांत जातो, त्यामुळे निरोप तिथे पटकन पोचतो. तिथल्या पेशींवर एएनपीचा ग्राहक असतो. एएनपी त्याला बाहेरून चिकटलं की त्याचा आतला भाग विकर म्हणून जागा होतो आणि सीजीएमपी नावाचा लहान रेणू बनवू लागतो. पुढचं सगळं काम हा रेणू करवतो.

ते मुख्यतः तीन ठिकाणी होतं. पहिलं ठिकाण गाळणीचं. गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी सैलावते आणि बाहेर नेणारी थोडी आवळली जाते, त्यामुळे गाळणीतला दाब वाढतो आणि जास्त द्रव गाळला जातो. पण हा परिणाम एएनपी भरपूर असेल तेव्हाच ठळक दिसतो. रोजच्या चढउतारात जास्त महत्त्वाचं ठरतं ते दुसरं ठिकाण, मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागातल्या संग्राहक नळ्या. गाळलेला द्रव लघवी होण्याआधी तिथून शेवटचा जातो. त्या नळ्यांच्या पेशींत सोडियम आत ओढणारे मार्ग असतात. सीजीएमपी ते मार्ग मंदावतं. वर पाहिलेल्या त्या शेवटच्या एका टक्क्याचा निर्णय बराचसा इथे होतो, आणि एवढ्या टोकाला केलेला लहानसा बदलही लघवीतल्या मिठात मोठा दिसतो. तिसरं काम म्हणजे विरोधकांना थोपवणं. मूत्रपिंडातून सुटणारं रेनिन आणि त्याच्या साखळीतून पुढे वाढणारं अल्डोस्टेरॉन ही जोडी मीठ धरून ठेवते. एएनपी दोघांनाही आवरतं. याखेरीज ते रक्तवाहिन्या सैलावतं आणि रक्तातलं थोडं पाणी आसपासच्या ऊतींत जाऊ देतं, त्यामुळे अलिंदावरचा ताण लघवी व्हायच्या आधीच थोडा उतरतो.

हे सगळं ऐकून वाटेल की हृदय शरीरातलं मीठ मोजतं. तसं नाही. अलिंदाच्या पेशीला सोडियमचा पत्ताच नसतो. तिला कळतो तो फक्त ताण. नेहमीच्या आयुष्यात मीठ वाढलं की रक्त वाढतं आणि रक्त वाढलं की ताण वाढतो, म्हणून ताणावर चालणारा हिशेब बहुतेक वेळा बरोबर येतो. पण ताण दुसऱ्या कारणानं आला तरी हृदय तोच निरोप पाठवतं, आणि मीठ खूप असूनही ताण आला नाही तर निरोप जात नाही. या संप्रेरकाच्या सगळ्या चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टी या एकाच नियमातून उलगडतात.

सुरुवातीची ती बाई घ्या. मिनिटाला 180 ठोके पडताना दोन ठोक्यांमध्ये हृदय भरायला वेळच उरत नाही. या प्रकारच्या झटक्यात अलिंद आणि निलय जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात. म्हणजे अलिंद रक्त ढकलू पाहतो तेव्हा खालचं दार, म्हणजे दोघांमधली झडप, बंद असते. रक्त पुढे जात नाही, मागे मानेच्या शिरांत उसळतं. काही रुग्णांना म्हणूनच गळ्यात ठोके जाणवतात. अलिंद दर ठोक्याला फुगतो आणि ताणलेला राहतो. तिच्या शरीरात ना मीठ वाढलं आहे ना पाणी, पण पेशींना कळतो फक्त ताण. एएनपी रक्तात उसळतं आणि मीठ सुटू लागतं. त्याच वेळी हेन्री आणि गाउअर यांनी दाखवलेल्या मज्जातंतूंच्या वाटेनं व्हॅसोप्रेसिन कमी होतं, म्हणून पाणी मोकळं सुटतं आणि लघवी पांढरी दिसते. झटका काही मिनिटांत थांबला तर हे दिसत नाही. तो अर्धा-पाऊण तास किंवा जास्त चालला की लक्षण उमटतं. त्यामुळे ‘लघवी झाली नाही’ या उत्तरानं झटका नव्हता असं ठरत नाही. ‘भरपूर झाली’ या उत्तराला मात्र वजन आहे.

दुसरं उदाहरण झोपेचं आहे. घोरणाऱ्या काही लोकांचा घसा झोपेत वारंवार मिटतो. श्वास घ्यायचा प्रयत्न चालूच असतो, पण हवा आत येत नाही. अशा वेळी छातीच्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच खाली जातो. अलिंदाच्या पातळ भिंती बाहेरच्या बाजूला ओढल्या जातात, आणि शरीरातलं रक्तही छातीकडे खेचलं जातं. हृदयाला पुन्हा वाटतं की आपण भरलो आहोत. रात्रभर असं शेकडो वेळा घडत असेल, तर तो माणूस रात्री तीन-चारदा लघवीला उठतो. पन्नाशीनंतरचा पुरुष असेल तर दोष सरसकट प्रोस्टेटला दिला जातो. घसा उघडा ठेवणाऱ्या हवेच्या दाबाच्या यंत्रानं उपचार केले की अशा रुग्णांत एएनपी आणि रात्रीची लघवी दोन्ही कमी झालेली आढळतात.

ताण आणि दाब या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे एका गंभीर आजारात सगळ्यात स्वच्छ दिसतं. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. क्षयरोगानं किंवा कर्करोगानं तिच्यात पाणी भरत गेलं की ते हृदयाला चहूबाजूंनी दाबतं. अलिंदातला दाब मोजला तर तो खूप वाढलेला असतो, मानेच्या शिरा फुगलेल्या असतात. दाबावर निरोप ठरत असता तर एएनपी भरभरून सुटायला हवं होतं. प्रत्यक्षात ते फारसं वाढत नाही आणि लघवी कमी होते. कारण आतून जेवढा दाब आहे जवळजवळ तेवढाच बाहेरून आहे. भिंत ताणलीच जात नाही. डॉक्टर सुई घालून ते पाणी काढतात. अलिंदातला दाब उतरतो, आणि नेमकं त्याच वेळी एएनपी वाढतं व लघवी सुटते, कारण बाहेरचा वेढा सुटल्यावर अलिंद मोकळा फुगू शकतो. 1980च्या दशकात, एएनपी रक्तात मोजता येऊ लागल्यावर, रुग्णांमध्ये हे उलटं वागणं प्रत्यक्ष पाहिलं गेलं.

आता सगळ्यात कठीण प्रश्न. हृदयाचा झटका येऊन गेलेला पासष्ट वर्षांचा एक माणूस समजा. त्याच्या डाव्या निलयाची ताकद निम्मी उरली आहे. पंप पुढे रक्त ढकलत नाही, म्हणून ते मागे तुंबतं आणि अलिंद दिवसरात्र ताणलेला राहतो. त्याच्या रक्तात एएनपी कित्येक पटींनी जास्त असतं. निलयाच्या पेशीही आता बीएनपी नावाचं याच जातीचं दुसरं संप्रेरक सोडू लागतात. या सगळ्याचा हुकूम एकच: मीठ सोडा. आणि तरी त्याचे पाय सुजतात, तीन दिवसांत वजन दोन किलो वाढतं. दोन किलो म्हणजे दोन लिटर, म्हणजे सुमारे अठरा ग्रॅम मीठ धरून ठेवलेलं. निरोप मोठ्यानं दिला जात असूनही मूत्रपिंड मानत का नाही?

याचं मुख्य कारण असं की मूत्रपिंडाला त्याच वेळी दुसरीकडून उलटा निरोप येत असतो. पंप कमजोर झाल्यानं धमन्यांतला प्रवाह घटला आहे. मानेतल्या धमन्यांना आणि खुद्द मूत्रपिंडाला वाटतं की शरीरातलं रक्त कमी झालं, जसं जखम झाल्यावर व्हावं. रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन आणि ताणतणावाच्या मज्जातंतू, सगळे मीठ वाचवायला लागतात. अँजिओटेन्सिन गाळलेलं सोडियम नळीच्या सुरुवातीच्या भागातच ओढून घेतं. एएनपी काम करतं ते नळीच्या अगदी शेवटी, आणि तिथे सोडियम पोचतच नाही. नळीच्या टोकाचा मार्ग मंदावून काय उपयोग, माल वाटेतच उतरवून घेतला तर? शिवाय आजारी हृदयात कोरिन कमी होतं, म्हणून धागा कापला न जाता अर्धवट रूपातच बाहेर पडतो. आणि मूत्रपिंडात सीजीएमपी लवकर मोडलं जातं. माणूस वाचवायचा असेल तर रक्तस्रावात हीच व्यवस्था उपयोगी पडते. पण हृदय निकामी होत असताना तीच व्यवस्था त्याला बुडवते.

मग बाहेरून जास्त संप्रेरक दिलं तर? हा उपाय करून पाहिला गेला. जपानमध्ये एएनपीच शिरेतून देण्याचं औषध वापरात आलं, आणि अमेरिकेत बीएनपीचं नेसिरिटाइड हे रूप. पण सात हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2011 साली आले, नेसिरिटाइडनं मृत्यू किंवा पुन्हा भरती होणं कमी झालं नाही. वरची अडवणूक कायम असताना निरोपाचा आवाज वाढवून भागत नाही, असा त्याचा अर्थ.

यशस्वी ठरला तो दुहेरी मार्ग. सॅक्युबिट्रिल हे औषध नेप्रिलायसिनला रोखतं, म्हणजे शरीरानं बनवलेलं एएनपी आणि बीएनपी जास्त वेळ टिकतं. पण नेप्रिलायसिन अँजिओटेन्सिनही मोडतं, म्हणून ते एकटं दिलं तर विरोधकही वाढतो. त्यामुळे ते व्हॅल्सार्टान या अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत दिलं जातं. 2014 साली आठ हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत या गोळीची तुलना एनालाप्रिल या जुन्या, सिद्ध झालेल्या औषधाशी झाली. हृदयविकारानं मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन भरती होणं, या दोन्हींचा एकत्रित धोका वीस टक्क्यांनी कमी झाला. मात्र एनालाप्रिलच्या गटातली गोळी आणि ही गोळी एकत्र घेता येत नाहीत. ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडण्याचा धोका असतो. एकातून दुसरीवर जाताना छत्तीस तास मध्ये सोडावे लागतात.

धाप लागलेल्या रुग्णाची आज जी तपासणी सांगितली जाते, तिचं मूळही इथेच आहे. एएनपी फार लवकर नाहीसं होतं, म्हणून प्रयोगशाळेत बीएनपी मोजतात, किंवा त्याचा एनटी-प्रोबीएनपी हा कापून टाकलेला, जास्त टिकणारा तुकडा. अचानक धाप लागलेल्या रुग्णात एनटी-प्रोबीएनपी 300 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर धाप हृदयामुळे असण्याची शक्यता कमी. आकडा वाढलेला असेल तर मात्र घाईनं निष्कर्ष काढू नये. वय, मूत्रपिंडाचा आजार, अलिंदाचे अनियमित ठोके यांनीही तो वाढतो. स्थूल माणसांत उलट तो अपेक्षेपेक्षा कमी येतो आणि आजार झाकू शकतो. सॅक्युबिट्रिल घेणाऱ्या रुग्णात बीएनपी औषधामुळेच वाढू शकतं, कारण ते मोडणारं विकर रोखलेलं असतं. एनटी-प्रोबीएनपी नेप्रिलायसिन कापत नाही, म्हणून अशा रुग्णाच्या हृदयावरचा ताण उतरतो आहे की नाही हे त्यावरून नीट कळतं.

घरी करण्याजोगी तपासणी याहून साधी आहे, आणि तीही याच विज्ञानावर उभी आहे. ज्या माणसाचं हृदय कमजोर आहे त्यानं रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी, वजनकाट्यावर उभं राहून आकडा लिहून ठेवावा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे. ते धरून ठेवलेलं मीठ आणि त्याबरोबरचं पाणी आहे. बऱ्याचदा हे वजन पाय सुजण्याच्या आणि धाप लागण्याच्या आधी वाढतं. त्याच्या हृदयानं मूत्रपिंडाला निरोप पाठवलेला असतो, पण मूत्रपिंड तो पाळू शकत नाही. म्हणून त्या दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळ्यांचं प्रमाण विचारून घेणं, आणि लोणचं-पापड बाजूला ठेवणं, ही जबाबदारी माणसानं आणि त्याच्या घरच्यांनी उचलायची असते.